कळ दाबल्यावर आवाज कोण करतं?

कस्टम कीबोर्ड बांधणाऱ्यांच्या गप्पांत दोन शब्द सतत ऐकू येतात: थॉक आणि क्लॅक. थॉक म्हणजे खालच्या पट्टीतला, भरीव, लगेच विरणारा ठोका. क्लॅक म्हणजे वरच्या पट्टीतला, टोकदार, मोकळा आवाज. तिसरी गोष्ट आवाजाची नाही, बोटांची. कळ तळाला टेकली की काही कीबोर्ड बोटाला सरळ थोपवतात, तर काही किंचित खाली जाऊन परत वर येतात. या दबून वर येण्याला इंग्रजीत बाउन्स म्हणतात. आपण लवचीकपणा म्हणू.

हे सगळं स्विच आणि कीकॅपवर ठरतं असा नव्या माणसाचा समज असतो, आणि तो निम्मा खरा आहे. ठोका जन्मतो तो स्विचच्या आतच. कळ दाबली की प्लास्टिकचा दांडा घराच्या तळावर आपटतो, सोडली की वरच्या झाकणाला खालून धडकतो. पण हा आवाज स्वतः अगदी लहान असतो. स्विच ज्या पट्टीत अडकवलेला असतो ती प्लेट, तिच्याखालचा सर्किट बोर्ड म्हणजे पीसीबी, या दोघांना धरणारी चौकट आणि शेवटी टेबल, अशा वाटेने तो बाहेर पडतो. या वाटेवर कोण किती ताठ आहे आणि कोण किती आवाज गिळतो, यावर आपल्या कानापर्यंत काय पोहोचणार ते ठरतं. म्हणून तेच स्विच आणि त्याच कीकॅप दोन वेगवेगळ्या कीबोर्डांत बसवल्या तर ओळखू येत नाहीत.

प्लेटपासून सुरुवात करू. ही साधारण दीड मिलिमीटर जाडीची पट्टी असते, तिला प्रत्येक स्विचसाठी 14 मिलिमीटरचं चौकोनी भोक असतं. जाडी दीडच का, तर चेरी एमएक्स पद्धतीच्या स्विचच्या बाजूच्या खुंट्या तेवढ्याच जाडीवर घट्ट बसतात. जाडी ठरलेली, आकार ठरलेला. बदलता येतं ते मुख्यतः साहित्य. पितळ, पोलाद, ॲल्युमिनियम, सर्किट बोर्ड ज्याचा बनतो ते काचतंतूंचं एफआर-फोर, पॉलिकार्बोनेट आणि पॉम हे नेहमीचे पर्याय.

प्लेटचा सूर वरचा की खालचा, हे ती किती ताठ आहे आणि किती जड आहे या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरतं. त्यामुळे काही निकाल अनपेक्षित लागतात. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ आहे, पण जडही तितकंच आहे. त्यामुळे सारख्या मापाच्या या दोन प्लेटांचा स्वतःचा सूर जवळपास एकच येतो. पॉलिकार्बोनेट आणि पॉम यांचा सूर त्यांच्या सुमारे चौथ्या हिश्शावर, म्हणजे बराच खाली असतो. पितळ आणि एफआर-फोर मध्ये कुठेतरी, आणि तेही एकमेकांच्या अगदी शेजारी. स्विच बसवल्यावर वजन वाढतं आणि हे आकडे सरकतात, पण धातू वर आणि प्लास्टिक खाली हा क्रम कानाला कळतो.

मग पितळाची प्लेट आणि एफआर-फोरची प्लेट सारखी वाजते का? मुळीच नाही. इथे दुसरा गुण येतो, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. आवाज किती वेळ टिकतो? पितळ कंपनं आत गिळत नाही, ती रेंगाळत ठेवते. म्हणून पितळाच्या प्लेटवर प्रत्येक ठोक्यामागे बारीक झंकार येतो. एफआर-फोरमधले काचतंतू आणि राळ ती कंपनं आतल्या आत जिरवतात. सूर तोच, पण शेपूट तोडलेली. प्लास्टिकमध्ये हे जिरवणं अधिकच असतं. लोक ज्याला थॉक म्हणतात त्यात खालचा सूर जेवढा असतो, तेवढंच हे लवकर विरणंही असतं.

इथपर्यंत सरळ आहे. गोंधळ होतो तो लवचीकपणाच्या बाबतीत. पॉलिकार्बोनेटची प्लेट हातात घेऊन वाकवली तर सहज वाकते, ॲल्युमिनियमची वाकत नाही. त्यामुळे ॲल्युमिनियम काढून पॉलिकार्बोनेट घातलं की कीबोर्ड लवचीक होणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण प्लेट एकटी नसते. तिच्या खाली पीसीबी असतो, दोघांना साठसत्तर स्विचांनी एकमेकांना बांधलेलं असतं, आणि दोघांना एकत्रच वाकावं लागतं.

थोडा हिशेब करून पाहू. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध साहित्याच्या ताठपणाच्या पटीत आणि जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. त्या हिशेबाने दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या प्लेटला 233 गुण दिले, तर तितक्याच जाडीच्या पॉलिकार्बोनेटला जेमतेम 8 मिळतात. तफावत प्रचंड आहे. पण नेहमीचा पीसीबी 1.6 मिलिमीटरचा असतो आणि त्याचे एकट्याचेच गुण 90 होतात. आता बेरीज करा. ॲल्युमिनियम अधिक पीसीबी, 323. पॉलिकार्बोनेट अधिक तोच पीसीबी, 98. प्लेट एकोणतीस पट मऊ केली आणि एकूण फरक पडला जेमतेम सव्वातीन पटींचा, कारण आता वजन उचलतोय तो पीसीबी. त्याच्या जागी 1.2 मिलिमीटरचा पातळ पीसीबी घेतला तर त्याचे गुण 38 वर येतात आणि बेरीज 46 होते. सुरुवातीच्या सातव्या हिश्शाइतकी. चार दशांश मिलिमीटरने एवढं काम केलं.

हा हिशेब ढोबळ आहे. स्विच दोन्ही थरांना जखडतात त्यामुळे प्रत्यक्षात सगळं यापेक्षा जास्त ताठ निघतं. पण यातून एक गोष्ट पक्की कळते: मऊ प्लेट आणि जाड, अखंड पीसीबी ही जोडी फारशी लवत नाही. म्हणूनच बरेच उत्पादक पीसीबीमध्ये ओळींच्या मधून लांबट चिरा पाडतात. त्यांना फ्लेक्स कट म्हणतात. चिरांमुळे बोर्ड जागोजागी सुटा होतो आणि वाकतो. याची किंमतही असते. फार चिरा असलेल्या बोर्डावर एका भागातल्या कळा दुसऱ्या भागापेक्षा मऊ लागतात, आणि तळातून स्विच ओढून काढताना बोर्डाला आधार नसेल तर सॉकेटच्या डाखावर ताण येतो.

आता गॅस्केट. जुन्या आणि स्वस्त कीबोर्डांत पीसीबी थेट चौकटीच्या तळातल्या खुंट्यांवर स्क्रूने बसवतात. स्क्रूच्या जवळच्या कळा ठणठणीत कडक लागतात, लांबच्या जरा मऊ, आणि प्रत्येक स्क्रू आवाजाला चौकटीत जायचा रस्ता देतो. दुसरी जुनी रीत म्हणजे प्लेटच स्क्रूने चौकटीच्या वरच्या भागाला जोडायची. ती अधिक एकसारखी लागते, पण धातूला धातू भिडलेलाच राहतो. गॅस्केट पद्धतीत स्क्रू प्लेटला शिवतच नाहीत. प्लेटच्या कडेला जिभा काढलेल्या असतात. प्रत्येक जिभेच्या वर आणि खाली पोरॉनची किंवा सिलिकॉनची मऊ पट्टी चिकटवतात, आणि चौकटीचे वरचे-खालचे भाग एकमेकांना जोडले की जिभा या पट्ट्यांच्या मध्ये चिमटल्या जातात. प्लेट, पीसीबी आणि स्विच यांचा सगळा जोड त्या पट्ट्यांवर तरंगतो. तबल्याखाली चुंबळ असते ती याच कामासाठी: वाद्य जमिनीला भिडू नये, त्याला स्वतःचा आवाज करता यावा, आणि जमिनीचा कंप त्यात मिसळू नये.

पूर्वी ही रीत महागड्या, मोजक्या संख्येने बनणाऱ्या संचांपुरती होती. 2021 मध्ये ग्लोरियसचा जीएमएमके प्रो आणि कीक्रॉनचा क्यू-वन हे ॲल्युमिनियमच्या चौकटीचे कीबोर्ड आले आणि गॅस्केट हा शब्द सामान्य खरेदीदाराच्या खोक्यावर छापला जाऊ लागला.

पट्टी किती दाबली जाते यात गॅस्केटचं सारं रहस्य आहे. समजा पट्टी मोकळी असताना दोन मिलिमीटर जाड आहे आणि चौकट बंद केल्यावर तिच्यासाठी दीड मिलिमीटरची जागा उरते. म्हणजे ती पाव हिस्सा दबली. जिभ घट्ट धरली गेली आणि पट्टीत अजून दबायला वाव राहिला. तीच पट्टी एका मिलिमीटरच्या जागेत कोंबली, तर मऊ पदार्थसुद्धा जवळजवळ कडक होतो. जोड तरंगत नाही, आवळला जातो. उलट जागा दोन मिलिमीटरचीच राहिली तर प्लेट सैल खडखडते. गॅस्केटचा कीबोर्ड स्क्रू जोर लावून आवळल्यावर एकाएकी कर्कश वाटू लागतो, त्यामागे हेच असतं. स्क्रू टेकल्यावर पाव वळसा पुरे. पोरॉन हा सूक्ष्म पेशींचा पॉलियुरेथेन आहे आणि बराच काळ दबून राहिला तरी मूळ जाडीकडे परत येतो. साध्या ईव्हीएच्या पट्ट्या मात्र कालांतराने चपट्या होऊन बसतात, आणि सुरुवातीला छान लवणारा कीबोर्ड हळूहळू ढिला आणि खडखडता होतो. अशा वेळी पट्ट्या बदलायच्या. चौकटीत आणखी काही भरून उपयोग नसतो.

तिसरा भाग फोम, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे: आजच्या कीबोर्डांत फोम गरजेपेक्षा जास्त भरला जातो.

तो का घालतात हे आधी पाहू. पीसीबीच्या खाली आणि चौकटीच्या तळाच्या वर एक चपटी पोकळी असते. लहान मांडणीच्या कीबोर्डात तिची लांबी सुमारे 30 सेंटिमीटर भरते. या पोकळीतली हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावते, आणि लांबीवरून गणित केलं तर तिचा मूळ सूर 570 हर्ट्झच्या आसपास येतो. रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा जो पोकळ आवाज येतो, त्यातला मोठा वाटा हा. तळाला फोमचा थर अंथरला की लांबीच्या दिशेने सरकणाऱ्या हवेला अडथळा होतो आणि तो सूर मरतो. शिवाय धातूच्या तळाला फोम चिकटून राहिल्यामुळे चौकटीची किणकिणही कमी होते. तीन मिलिमीटरचा फोम ही दोन्ही कामं बऱ्यापैकी करतो.

प्लेट आणि पीसीबी यांच्या मधली जागा वेगळी. प्लेटच्या वरच्या पृष्ठापासून पीसीबीच्या वरच्या पृष्ठापर्यंत अंतर पाच मिलिमीटर असतं. त्यातून प्लेटची दीड मिलिमीटर जाडी वजा केली की साडेतीन मिलिमीटर उरतात, म्हणून प्लेट-फोम त्या मापाचा मिळतो. तो प्रत्येक स्विचच्या अंगाला लपेटून बसतो आणि ठोक्याची शेपूट जिथे जन्मते तिथेच तोडतो. त्यामुळे पितळाच्या प्लेटचा झंकार खूप कमी होतो, पण पॉलिकार्बोनेटच्या प्लेटवर तोच फोम घातला तर आवाज मेलेला वाटतो. जिथे जिरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं तिथे आणखी जिरवलं, एवढंच त्याचं फळ. प्लेट कुठलीही असो, थर भरत गेलात की सगळे कीबोर्ड एकाच बेताच्या, दबक्या ठक-ठकीवर येऊन थांबतात. मग प्लेटच्या साहित्यावर पैसे घालायचे कशाला?

फोमची सर्वात मोठी हानी मात्र आवाजाची नसून लवचीकपणाची आहे. भाच्याच्या कीबोर्डाची गोष्ट त्यासाठीच सांगतो.

त्याने अडुसष्ट कळांचा, ॲल्युमिनियमच्या चौकटीचा एक गॅस्केट संच मागवला होता. माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, गॅस्केटचा आहे म्हणून घेतला, पण दाबला तर हलतच नाही. पॉलिकार्बोनेटची प्लेट मागवू का?"

प्लेट मागवण्याआधी एक साधी चाचणी करायची असते. कीबोर्ड टेबलावर ठेवून जी आणि एच या कळांवर दोन्ही अंगठे टेकवायचे, कळा तळाला गेल्यावरही दाब वाढवत न्यायचा, आणि त्याच वेळी कळांच्या ओळीची वरची कड आणि चौकटीची कड यांच्यातलं अंतर बघायचं. गॅस्केट मोकळं असेल तर ओळ किंचित खाली जाते, दाब सोडल्यावर परत येते. मग हेच कोपऱ्यातल्या कळांवर करायचं. कोपऱ्यात कमी हललं तर चालतं, तिथे जिभा जवळ असतात. याच्या कीबोर्डात मधोमधही काही हललं नाही, आणि जोर वाढवल्यावर हाताला कडक नाही तर चिवट, भरलेलं काहीतरी लागलं. चिवट लागणं ही खूण आहे. पट्टी आवळली गेली असती तर अचानक कडक थांबा लागला असता.

उघडल्यावर कारण दिसलं. पीसीबीच्या खालच्या पृष्ठापासून चौकटीच्या तळापर्यंत अंतर 5.5 मिलिमीटर होतं. स्विच विनाडाख बदलता यावेत म्हणून खाली बसवलेले सॉकेट त्यातले सुमारे 1.8 मिलिमीटर खातात. उरले 3.7. तळात होता तो पाच मिलिमीटर जाडीचा घट्ट ईव्हीए फोम. अडुसष्ट सॉकेट त्या फोममध्ये रुतून बसले होते, म्हणजे संपूर्ण जोड खालून फोमने तोललेला होता. गॅस्केटच्या पट्ट्या आपल्या जागी होत्या, सुस्थितीत होत्या आणि त्यांच्याकडे काहीच काम नव्हतं. अशा कीबोर्डात पॉलिकार्बोनेट घाला नाहीतर पॉम, बोटाला लागणार फोमच.

फोम काढून टाकला आणि तसाच बंद करून पाहिला. अंगठ्यांखाली ओळ हलू लागली. पण पोकळ सूर परतला, आणि मोठ्या कळांवर तो फारच जाणवत होता. मग दोन मिलिमीटरचा मऊ, उघड्या पेशींचा पॉलियुरेथेन फोम तळाला बसवला. सॉकेटच्या टोकापासून फोमपर्यंत 1.7 मिलिमीटर मोकळे राहिले. पट्ट्या जेमतेम मिलिमीटरभर दबतात, त्यामुळे जोड खाली आला तरी फोमला शिवत नाही. पोकळपणा बराचसा गेला, लवचीकपणा राहिला.

फोम निवडताना एक धोका लक्षात ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या खोक्यात येणारा काळा, हाताला जरा कोरडा लागणारा फोम घरात पडलेला असतो आणि कापून वापरावासा वाटतो. त्यातले काही प्रकार स्थिर विद्युत निघून जावी म्हणून मुद्दाम विद्युतवाहक केलेले असतात. तो पीसीबीच्या पायांना टेकला तर कळा आपोआप उमटतात किंवा बोर्ड सुरूच होत नाही. मल्टिमीटरचे दोन्ही काटे फोममध्ये थोड्या अंतरावर खुपसून रोध मोजायचा. काही आकडा दिसला तर तो फोम वापरायचा नाही. बिनतारी कीबोर्डात बॅटरीवर फोम दाबून बसवणंही टाळायला हवं.

भाच्याच्या कीबोर्डात एक गोष्ट अजून राहिली होती: जोरात टाइप केल्यावर शेवटी येणारी बारीक किणकिण, जिला पिंग म्हणतात. ती चौकटीची आहे की स्विचच्या स्प्रिंगची, हे ओळखायला एका हाताचा तळवा चौकटीवर घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने कळ मारायची. तळव्याखाली किणकिण गेली तर दोष चौकटीचा. राहिली तर स्प्रिंगचा, आणि तिथे कुठलाही फोम कामाचा नाही. स्विच उघडून स्प्रिंगला पातळ तेल लावावं लागतं. इथे ती गेली. चौकटीचे वरचे-खालचे भाग जिथे भिडतात, तिथे स्क्रूंच्या आसपास पातळ चिकटपट्टीचे नखाएवढे तुकडे लावले, म्हणजे धातू धातूला सलग टेकत नाही. जास्त थर लावायचे नाहीत. चिकटपट्टीने दोन भागांमधलं अंतर वाढलं की गॅस्केटच्या पट्ट्यांवरचा दाब कमी होतो आणि प्लेट सैल पडते. एक थर लावला आणि अंगठ्याची चाचणी पुन्हा केली.

आता प्लेटचा प्रश्न. त्याच्या संचात एफआर-फोरची प्लेट होती, पीसीबी 1.6 मिलिमीटरचा आणि बिनचिरांचा होता. मघाच्या हिशेबाने प्लेटचे 74 गुण, पीसीबीचे 90. पॉलिकार्बोनेट घातलं असतं तर एकूण 164 वरून 98 वर आले असते; फरक जाणवला असता, पण फोम काढल्याने जेवढा जाणवला तेवढा नाही. आवाज आणखी खाली आणि मऊ झाला असता. मी त्याला फोनवर दोन ध्वनिमुद्रणं करायला लावली: तेच टेबल, फोन हातभर अंतरावर, तीच ओळ टाइप केलेली, एकदा जुन्या फोमसह आणि एकदा नव्या. नव्यात ठोक्याची सुरुवात स्पष्ट ऐकू येत होती आणि शेपूट तरीही छोटी होती. एफआर-फोर हे साहित्य मला त्यासाठीच आवडतं: ते सूर ठेवतं, झंकार ठेवत नाही. भाच्यालाही ते पटलं आणि प्लेट मागवायचं राहिलं.

जाड फोम गेल्यावर मात्र आधी न ऐकू येणारी एक टिकटिक वर आली, डाव्या शिफ्टची. लांब कळांखाली तोल राखायला स्टॅबिलायझरची तार असते, तिची टोकं प्लास्टिकच्या खाचेत सैल होती. फोमने ती इतके दिवस झाकली होती. तारेच्या दोन्ही वाकलेल्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, स्पेसबारच्या तारेलाही तेच केलं, आणि मग चौकट बंद केली.